‘फोटोवरचं हे नाव काढून टाक’: फ्लेक्स-डीटीपीच्या कामात या चुका टाळा

जांबोटीकडच्या एका बचत गटाच्या काकूंनी मागच्या हंगामात व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. लाकडी वाटीत भरलेले पांढरेशुभ्र काजू, आणि त्यांच्यावर तिरक्या अक्षरांत फोटो विकणाऱ्या संस्थेचं नाव. खाली लिहिलं होतं, "दादा, हे वरचं नाव काढून टाक की. परवा स्टॉल आहे." त्यांना सहा बाय चार फुटांचं फ्लेक्स हवं होतं आणि पाकिटाला लावायचं चार इंची स्टिकर.

बेळगावात फ्लेक्सच्या दुकानात बसणाऱ्याला असा निरोप नवा नाही. शिवजयंती आणि गणपतीच्या दिवसांत तर रोजचाच. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. फोटो मोबाईलवर दिसला, आवडला, त्यावरचं नाव मात्र डाग वाटलं. चूक सुरू होते ती आपल्या टेबलावर.

पहिली चूक: फोटो न मोजता कामाला लागणं

अशी फाईल आली की बरेच ऑपरेटर थेट क्लोन स्टॅम्प हातात घेतात. आधी फोटोशॉपमध्ये Image Size उघडून पिक्सेल बघावेत. काकूंचा फोटो ६१२ बाय ४०८ पिक्सेलचा होता. संस्था वॉटरमार्क टाकून जो नमुना दाखवतात तो मुद्दाम लहान ठेवतात. खरी, मोठी फाईल पैसे भरल्यावर मिळते.

आता हिशोब करू. सहा फूट म्हणजे ७२ इंच. ६१२ पिक्सेल ७२ इंचांवर पसरले तर इंचाला साडेआठ पिक्सेल पडतात, म्हणजे एकेक पिक्सेल जवळजवळ ३ मिलिमीटरचा. स्टॉलवरचं फ्लेक्स माणूस चार-पाच फुटांवरून बघतो. त्यासाठी आम्ही ७२ डीपीआय धरतो, म्हणजे ५१८४ बाय ३४५६ पिक्सेल लागतात. ५० डीपीआयपर्यंत निभावतं. साडेआठवर काजू म्हणजे पिवळट चौकोनांचा ढीग दिसणार. चार इंची स्टिकरलाही ३०० डीपीआयने १२०० पिक्सेल लागतात, आपल्याकडे त्याच्या निम्मेच.

मी काकूंना हे बोलून सांगितलं नाही. नाव तसंच ठेवून फोटोचा एक कोपरा फ्लेक्सवर येईल तेवढा मोठा केला आणि एका कागदावर छापून दाखवला. त्या म्हणाल्या, "काजू आहे की साबुदाणा हा?" वॉटरमार्क निघाला असता तरी या फोटोचं फ्लेक्स झालंच नसतं, हे तिथेच मिटलं.

दुसरी चूक: खाली मूळ फोटो शाबूत आहे असं समजणं

गिऱ्हाइकाला वाटतं, काचेवरची धूळ पुसावी तसं हे नाव पुसता येईल. नाव जिथे अर्धपारदर्शक असतं तिथे प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडा फोटो आणि थोडं पांढरं मिसळलेलं असतं. नाव किती गडद आहे हे नेमकं माहीत असेल तर ते गणिताने वजा करता येतं, निदान कागदावर. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी हे करून दाखवलं होतं. एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर तंतोतंत सारखा असेल, तर त्या सगळ्या फोटोंवरून संगणक वॉटरमार्कचा आकार शोधून काढतो आणि वजा करतो. उपायही त्यांनीच सुचवला: प्रत्येक फोटोवर वॉटरमार्क किंचित वेगळा वळवायचा.

दुकानात आपण जे करतो त्यात यातलं काहीच नसतं. आपण शेजारचा तुकडा उचलून नावावर चिकटवतो. जनरेटिव्ह फिल तिथे नवा काजू कल्पनेने काढून देतं. दोन्हीत मूळ फोटो परत येत नाही, आणि तयारीच्या नजरेला ते दिसतंच. काजूच्या पोटाशी जी खाच असते ती एकाच वळणाची दोन-तीनदा दिसते. लाकडाच्या रेषा अक्षर जिथे होतं तिथे तुटतात किंवा वाकतात. माणसाच्या चेहऱ्यावर तर हे फार वाईट दिसतं, कारण डोळ्याच्या कडेचा जरासा फरकही लगेच खटकतो. एका शाळेच्या माहितीपत्रकावर मी असा चेहरा पाहिला आहे. नाव गेलं होतं, पण मुलीच्या गालावर अक्षराच्या आकाराचा गुळगुळीत पट्टा राहिला होता.

तिसरी चूक: ‘गिऱ्हाइकाने सांगितलं, आपण केलं’

ही सगळ्यात महागाची, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, २०१२ साली ६५ब हे कलम घातलं गेलं. कामाचा मालक कोण हे सांगणारी माहिती परवानगीशिवाय, जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दंड. या माहितीच्या व्याख्येत हक्काच्या मालकाचं नाव स्पष्ट येतं, आणि फोटोवर तिरकं लिहिलेलं असतं ते नेमकं तेच.

शब्द बघा: काढणारा. फोटो पाठवणाऱ्या काकू नंतर. माऊस ज्याच्या हातात होता तो आधी. हे माहीत असलेले छापखानेवालेही "आम्ही फक्त छापतो" म्हणून मोकळे होतात. पण तशी माहिती काढलेली प्रत जाणूनबुजून लोकांपर्यंत पोचवणाऱ्यालाही हे कलम सोडत नाही. शिवाय विनापरवाना फोटो वापरल्याचा कॉपीराइटचा भंग वेगळा राहतोच.

नाव खालच्या पट्टीत असलं की ते कापून टाकायची सवय आहे. कापणं म्हणजेही काढणंच. आणि "गूगलवर होता" याला काही अर्थ नाही. गूगल फोटो शोधून दाखवतं, त्याच्या मालकीचा तो नसतो. गूगल इमेजेसमध्ये काही फोटोंवर Licensable अशी खूण दिसते. परवाना कुठे मिळतो याचा पत्ता तिथे असतो, फुकट वापराची मुभा नसते.

चौथी चूक: नुसतं ‘होत नाही’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणं

तसं केलं की ते दोन दुकानं पुढे जातं आणि तिथे तेच काम होतं. काकूंपुढे मी तीन वाटा ठेवल्या.

पहिली, तोच फोटो विकत घ्यायचा. गूगल लेन्सवर फोटो टाकला की तो कोणत्या संस्थेकडे आहे ते बहुधा सापडतं. घ्यायचा तर गिऱ्हाइकाच्या नावावर घ्यावा. एका गिऱ्हाइकासाठी घेतलेला फोटो दुसऱ्याच्या फ्लेक्सवर लावायला बहुतेक परवाने मनाई करतात. फोटोखाली Editorial लिहिलं असेल तर पैसे भरूनही तो जाहिरातीत चालत नाही. तो बातमी-लेखांसाठीच असतो.

दुसरी, मोफत परवान्याचा फोटो. विकिमीडिया कॉमन्सवर मोठ्या आकाराचे फोटो मिळतात, पण CC BY-SA असेल तर छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा उल्लेख छापावा लागतो. स्टिकरवर कन्नड आणि मराठी दोन्ही मजकूर बसवताना आधीच दमछाक होते, तिथे ही ओळ कुठे घालणार हे आधी ठरवावं.

तिसरी, त्यांचेच काजू. हे मी आग्रहाने सुचवलं, आणि कारण फक्त कायद्याचं नव्हतं. त्या फोटोतले काजू मोठे, अख्खे, निवडक होते. गटाचा माल डब्ल्यू ३२०, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर बसतात तो, आणि बराचसा पाकळी. पाकिटावर जो माल दाखवला तो आत नसेल, तर खाद्यपदार्थाच्या लेबलच्या नियमांतही ते बसत नाही. जांबोटीच्या बाजारात गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन बघतं, तिथे तर ते टिकणारच नाही.

काढायचं कसं तेही सांगितलं. सकाळी नऊच्या सुमाराला पडवीत, ऊन थेट पडणार नाही पण उजेड एका बाजूने येईल अशा जागी सूप ठेवायचं. फ्लॅश बंद. मोबाईलची काच पदराने पुसून घ्यायची. झूम करायचं नाही, जवळ जायचं. फोटो आडवा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा, कारण साधा फोटो म्हणून पाठवला की तो साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकसतो. साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलची फाईल ४००० पिक्सेल रुंद येते. ४००० भागिले ७२ म्हणजे इंचाला ५५ पिक्सेल. फ्लेक्सला पुरेसे.

काकूंनी सात फोटो पाठवले. चौथ्यात सुपाची वीण, पाकळी आणि दोन-चार सालीसकट काजू असे दिसत होते की मी रंगालाही फारसा हात लावला नाही.

काढणं योग्य असतं तेव्हा

सगळेच शिक्के परक्याचे नसतात. तुमच्याच मोबाईलने कोपऱ्यात छापलेलं मॉडेलचं नाव किंवा तारीख खुशाल काढा. लग्नाच्या फोटोंचं थोडं वेगळं आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कायद्याने काढवून घेणाराच असतो. तरीही स्टुडिओने नाव टाकून पाठवलेली निवडीची फाईल दुकानात पुसत बसू नये. बाकी पैसे चुकते करून मूळ फाईल मागावी. ती मोठीही असते. आजोबांच्या जुन्या फोटोवर स्टुडिओचा उठावाचा शिक्का असतो, तिथे वर्ष बघावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छायाचित्रकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या फोटोचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. हक्क संपलेला असला तरी तो शिक्का मी स्वतः ठेवतो. खडेबाजारातल्या एखाद्या बंद झालेल्या स्टुडिओचं नाव त्या एका फोटोवरच उरलेलं असतं.

फोटो विकत घेऊनही छापून आलं नावासकटच

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण होतं. अनेक संस्था वॉटरमार्कसकट नमुना डिझाइनमध्ये बसवून गिऱ्हाइकाला दाखवायची मुभा देतात. ती सोय चांगली आहे आणि वापरावी. गिऱ्हाईक होकार देतं, फोटो विकत घेतला जातो, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये येऊन पडतो, आणि फ्लेक्सच्या फाईलमध्ये मात्र नमुनाच राहतो. फिकट पार्श्वभूमीवर पांढरं नाव स्क्रीनवर दिसतही नाही, छापल्यावर दिसतं. म्हणून नमुन्याच्या फाईलच्या नावापुढे ‘नमुना’ लिहून ठेवा. विकत घेतलेली फाईल बसवली की ती चौकटीत पुन्हा नीट लावा, कारण मोठ्या फाईलची मांडणी सरकते. प्रिंटला देण्याआधी १०० टक्क्यांवर डावीकडून उजवीकडे एकदा पूर्ण फिरा, आणि शंका आली तर तेवढ्या भागाचा कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. नाव असेल तर लगेच वर येतं.