‘ठरल्याप्रमाणे’ म्हणजे नेमकं काय?

माहितीपत्रकाच्या कामाबद्दल ग्राहकाशी फोनवर बोलणं झालं आणि मी सवयीने मेसेज टाइप केला: “हो सर, ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात देते, बदलांचं बघून घेऊ.” पाठवणार तोच मागचं काम आठवलं. तेव्हा ‘बघून घेऊ’चा अर्थ त्यांच्या लेखी ‘कितीही वेळा’ असा निघाला होता.

मेसेज खोडला आणि अर्ध्या तासात ईमेल लिहिला. विषय: “माहितीपत्रक: आज फोनवर ठरलेले मुद्दे”. मजकूर असा:

“आज दुपारी 4 वाजता आपलं बोलणं झालं. त्यात ठरलं ते असं: 8 पानांचा पहिला मसुदा मी शुक्रवारी, 14 तारखेला संध्याकाळपर्यंत देईन. त्यासाठी फोटो आपण सोमवारी, 10 तारखेपर्यंत पाठवाल. उशीर झाल्यास माझी तारीख तितकीच पुढे जाईल. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. छपाई कोण करणार, हे अजून ठरलेलं नाही. यात काही चुकलं असल्यास कळवा, नाहीतर ‘बरोबर’ एवढं उत्तर द्या.”

छपाईचं वाक्य मुद्दाम घातलं, नाहीतर तेही माझ्याच गळ्यात पडलं असतं. उशिराची अट फोनवर ठरली होती म्हणूनच लिहिली. नवी अट असती तर ‘माझी सूचना’ म्हणून वेगळी मांडली असती. उत्तर आलं: “फेऱ्या तीन म्हणालो होतो ना?” खरंच, तीनच होत्या. दुरुस्त करून त्याच ईमेलखाली पुन्हा पाठवलं, मग ‘बरोबर’ आलं.