ऑपरेशन एकच, क्लेमची रक्कम वेगळी: या चुका टाळा

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन दोन रुग्णालयांत होतं, दोघांकडे पाच लाखांची तीच पॉलिसी असते, तरी एकाच्या खिशातून चार हजार जातात आणि दुसऱ्याच्या चाळीस हजारांहून जास्त. कारण नेटवर्क रुग्णालयाने विमा कंपनीशी त्या ऑपरेशनचा दर आधीच ठरवलेला असतो. नेटवर्कबाहेर असा करार नसतो. तिथे बहुतेक वेळा बिल आधी तुम्ही भरता आणि त्यातलं किती मान्य करायचं, ते कंपनी नंतर ठरवते.

पहिली चूक: ‘कॅशलेस सुविधा उपलब्ध’ या पाटीवर विसंबणं. नेटवर्क कंपनीनुसार बदलतं, काही वेळा पॉलिसीनुसारही. सरकारी विमा कंपन्यांची पीपीएन ही यादी तर वेगळीच असते. भरती होण्याआधी कंपनीच्या किंवा तिच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएच्या संकेतस्थळावर रुग्णालयाचं नाव शाखेसकट तपासा. काही पॉलिसींमध्ये नेटवर्कबाहेर उपचार घेतल्यास ठरावीक टक्के रक्कम रुग्णानेच भरायची अट असते. तेही त्याच वेळी पाहून घ्या.

दुसरी चूक: नेटवर्क रुग्णालयात असूनही पैसे भरून मोकळं होणं. मंजुरीला उशीर होतो, काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘भरून टाका, नंतर क्लेम करा.’ रुग्णालय मग आपल्या नेहमीच्या दराने बिल करतं, आणि कंपनी बरेचदा कराराच्या दराइतकेच पैसे देते. मधला फरक तुमच्या माथी. नाइलाजाने भरावेच लागले तर कराराच्या दराने बिल मागा, आणि कॅशलेस नाकारल्याचं किंवा रखडल्याचं पत्र वा ईमेल जपून ठेवा.

तिसरी आणि सर्वांत महाग चूक: खोलीचं भाडं फक्त खोलीपुरतं समजणं. हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे रोज 5,000 रुपये. रुग्णाने 8,000 ची खोली तीन दिवस घेतली. बिल असं झालं: खोली 24,000, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर 80,000, औषधं आणि तपासण्या 36,000, हातमोजे वगैरे विम्यातून न मिळणारे खर्च 4,000. एकूण 1,44,000.

रुग्णाला वाटतं, खोलीचे 9,000 आणि ते 4,000 जातील. पण खोलीचा वर्ग वाढला की डॉक्टरांची फीही वाढते, असं धरून कंपनी तीही त्याच प्रमाणात, पाच अष्टमांश, मान्य करते. 80,000 चे 50,000 होतात. खोलीचे 15,000 आणि औषधं-तपासण्यांचे 36,000 मिळून हातात येतात 1,01,000. कपात 43,000.

इथेच सेटलमेंट लेटर बारकाईने वाचा. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांनुसार ही प्रमाणशीर कपात औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्यांवर लावता येत नाही, आयसीयूच्या आकारावरही नाही. 36,000 चे 22,500 केलेले दिसले तर ते 13,500 परत मागा. शिवाय जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलतच नाही, तिथे ही कपात लागू होत नाही. नेटवर्कबाहेरच्या अनेक लहान रुग्णालयांत सर्जनची फी सगळ्या खोल्यांना सारखीच असते. तसं लेटरहेडवर लिहून घ्या आणि दरपत्रकासह जोडा. वरच्या उदाहरणात या एका कागदाने 30,000 वाचतात.

चौथी चूक: ‘ऑपरेशन पॅकेज 1,20,000’ असं एकाच ओळीचं बिल घेऊन घरी येणं. कुठला भाग औषधांचा, कुठला फीचा हेच कळत नसल्याने कपात कशावर लावायची नाही, हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही. डिस्चार्जच्या दिवशीच तपशीलवार बिल, पावत्या आणि इम्प्लांट बसवलं असल्यास त्याचं स्टिकर व खरेदी बिल मागा. महिन्याभराने हे कागद मिळवणं फार जिकिरीचं होतं.

नेटवर्कबाहेर आणखी एक शेरा हमखास दिसतो: ‘वाजवी आणि प्रचलित दरापेक्षा जास्त’. या संज्ञेच्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत: त्या रुग्णालयाचा नेहमीचा दर आणि त्या परिसरातला अशाच उपचारांचा दर. कंपनी अनेकदा आपल्याच नेटवर्कच्या करारातला दर पुढे करते. पण तो घाऊक सवलतीचा दर असतो. कोणत्या रुग्णालयांशी तुलना केली, ते लेखी विचारा. उत्तरासोबत तुमच्या रुग्णालयाचं दरपत्रक आणि त्याच शहरातल्या तशाच दोन-तीन रुग्णालयांची लेखी अंदाजपत्रकं द्या.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कपातीची प्रत्येक ओळ, तिच्यापुढे तुमचा आक्षेप आणि त्याला आधार देणारा कागद, असा एक तक्ता अर्जासोबत जोडा.