प्लेट लावण्याआधी: होलोग्रामच्या रेकॉर्डिंगची तयारी

तयारीची सुरुवात टेबलापासून करा आणि तीही आदल्या दिवशी. प्लेटवर जे उमटवायचं आहे ते वस्तूचं चित्र नव्हे. वस्तूवरून परतलेला प्रकाश आणि थेट आलेला प्रकाश एकमेकांत मिसळून ज्या बारीक रेघा तयार करतात, त्या उमटवायच्या आहेत. दोन रेघांमधलं अंतर एक मायक्रॉनच्या आसपास असतं. दोन झोतांच्या वाटांमधला फरक एक्स्पोजर चालू असताना अर्ध्या तरंगलांबीने बदलला, तर उजळ रेघेच्या जागी काळी येते आणि प्लेटवर सपाट करडा रंग उरतो. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. तिच्या दहाव्या भागाइतकीच, म्हणजे साधारण ६३ नॅनोमीटरची हालचाल खपते. केसाच्या जाडीचा हा हजारावा हिस्सा आहे.

म्हणून जड दगडी लादी घ्या आणि ती अर्धवट हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवा. हवा ठासून भरली की ट्यूब कडक होते आणि जमिनीचे हादरे वर पोचतात. लादी बसली की तिच्यावर झोत दोन भागांत फोडणारा बीम स्प्लिटर आणि ते दोन्ही भाग परत पाठवणारे दोन आरसे मांडून मायकेल्सनची रचना करा. परत आलेले दोन्ही झोत एकत्र आणून लेन्सने भिंतीवर पसरवा, म्हणजे काळे-लाल पट्टे दिसतील. टेबलाला बोटाने टिचकी मारा आणि पट्टे किती सेकंदांत स्थिर होतात ते मोजा. मग दहा सेकंद नुसतं बघत राहा. एवढ्या वेळात पट्टा आपल्या रुंदीच्या चौथ्या भागाइतकाही सरकत असेल, तर त्या दिवशी प्लेट काढू नका. पंखा आणि एसी बंद करूनही पट्टे वाहत असतील तर बहुधा एखादा स्टँड सैल असतो.

वस्तू टणक हवी. पान, फूल, कापड चालत नाही, कारण ती आपल्या डोळ्यांना स्थिर वाटली तरी हलत असतात. मी दोन वस्तू घेतो. पितळी नंदी पुढे, प्लेटपासून २० सेंटीमीटरवर, आणि घंटा मागे, २८ सेंटीमीटरवर. एकामागे एक ठेवल्या की खोली खरोखर उमटली का, ते लगेच कळतं. दोन्ही लादीला डिंकाने नव्हे, एपॉक्सीने चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. आमच्या एका प्लेटमध्ये घंटा छान आली आणि नंदीच्या जागी नंदीच्याच आकाराचा काळा खळगा आला. चिकटवलेला नंदी एक्स्पोजरच्या वेळी अजून बसत होता. तेव्हा एकच वस्तू काळी दिसली तर दोष त्या वस्तूच्या बैठकीचा. वस्तूवर आडवे काळे पट्टे दिसले तर ती अगदी थोडी कलली आहे. काहीच दिसलं नाही तर आरसा किंवा प्लेट हलली.

आता वाटा मोजा, आणि त्यासाठी दोरा पुरतो. बीम स्प्लिटरपासून आरसा, तिथून वस्तू, तिथून प्लेट ही वस्तुझोताची वाट. बीम स्प्लिटरपासून आरशावरून थेट प्लेट ही संदर्भझोताची. छोट्या हेलियम-निऑन लेसरचा प्रकाश साधारण २० सेंटीमीटरपर्यंतच स्वतःशी सुसंगत राहतो. वाटांमधला फरक त्याहून वाढला की रेघा पुसट होतात. वस्तुझोताची वाट ११२ आणि संदर्भझोताची ९७ सेंटीमीटर भरली, तर संदर्भझोताचा आरसा मागे घेऊन फरक दोन-तीन सेंटीमीटरवर आणा. घंटा नंदीच्या मागे आहे, म्हणून दोन्हींच्या मधला बिंदू धरून मोजा.

संदर्भझोत प्लेटवर तिरका पडायला हवा. डेनिस गॅबोर यांनी १९४७मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा दोन्ही झोत एकाच रेषेत होते आणि प्रतिमेवर तिचीच जुळी प्रतिमा चढायची. मिशिगन विद्यापीठातल्या एमेट लीथ आणि ज्युरिस उपात्निक्स यांनी संदर्भझोत बाजूने आणला, तेव्हा ती जुळी प्रतिमा दूर गेली. मी तो प्लेटच्या लंबापासून ४० अंशांवर ठेवतो. हा कोन नीट समजून घ्या, कारण त्रिमितीचं कारण इथेच आहे.

हिशेबापुरता संदर्भझोत समांतर आणि डावीकडून येणारा धरू. नंदीच्या कपाळावरचा एकच बिंदू घ्या, ६.३ सेंटीमीटर रुंदीच्या प्लेटच्या बरोबर समोर, २० सेंटीमीटरवर. λ म्हणजे तरंगलांबी आणि θ म्हणजे प्लेटच्या लंबापासूनचा कोन, उजवीकडे जाणारा किरण अधिक आणि डावीकडे जाणारा उणे धरून. रेघांमधलं अंतर d असं निघतं:

d = λ / (sin θ_संदर्भ − sin θ_वस्तू)

प्लेटच्या मध्यभागी वस्तूचा किरण सरळ येतो, म्हणून अंतर ०.९८ मायक्रॉन. डाव्या कडेला ते ०.७९ होतं आणि उजव्या कडेला १.३०. आता मागच्या घंटेवरचा, २८ सेंटीमीटरवरचा बिंदू घ्या. मध्यभागी तेच ०.९८, पण कडांना ०.८४ आणि १.१९. बिंदू जवळ असेल तर रेघांचं अंतर झपाट्याने बदलतं, लांब असेल तर सावकाश. वस्तू किती खोल आहे हे प्लेट अशा रीतीने नोंदवते. साध्या फोटोत फक्त उजेड-अंधार उरतो. इथे रेघेची जागा प्रकाशाची फेज, म्हणजे लाट कुठल्या टप्प्यावर आहे ते, सांगते आणि रेघेचा उठाव त्याची तीव्रता.

डेव्हलप झालेल्या प्लेटवर तोच संदर्भझोत त्याच कोनातून टाकला की त्या रेघा प्रकाशाला वळवतात. वळणाचा नियम वरच्याच समीकरणाचा आहे, फक्त उलट वाचलेला. त्यामुळे मध्यावरून, डावीकडून आणि उजवीकडून निघालेले किरण मागे वाढवले तर २० सेंटीमीटरवरच्या त्याच बिंदूत मिळतात. डोळ्याला नंदीवरून निघालेला प्रकाश आणि हा प्रकाश यांत फरक करता येत नाही. वस्तूवरच्या प्रत्येक बिंदूची अशी रेघांची जाळी प्लेटवरच्या एकाच प्रकाशसंवेदी थरात, म्हणजे इमल्शनमध्ये, एकमेकींवर पडलेली असते. प्रत्येक बिंदूचा प्रकाश प्लेटभर पोचलेला असल्यामुळे प्लेटचा तुकडा झाला तरी त्यातून अख्खा देखावा दिसतो, फक्त बघायची खिडकी लहान होते आणि बारकावा कमी होतो.

इतक्या बारीक रेघांना प्लेटही तशीच लागते. वरच्या आकड्यांत मिलिमीटरला जवळपास १,३०० रेघा येतात. साध्या फिल्मला ते झेपत नाही, होलोग्राफीची प्लेटच हवी.

उजेडाचं प्रमाण मीटरने प्लेटच्या जागी बघा. आधी एक झोत अडवा, मग दुसरा. संदर्भझोत वस्तुझोताच्या चौपट ठेवा. वस्तूचे बिंदू आपापसांतही रेघा पाडतात आणि संदर्भझोत वरचढ नसला तर प्रतिमेभोवती धुरकट झळाळी येते. दोन्ही मिळून चौरस सेंटीमीटरला १० मायक्रोवॅट मिळत असतील आणि प्लेटला १०० मायक्रोज्यूल लागत असतील, तर दहा सेकंद पुरतात. वस्तूवर टाकलेला झोत थेट प्लेटवर सांडत नाही ना, हेही याच वेळी बघा.

मग अंधार करा. लाल प्रकाशाच्या प्लेटला मंद हिरवा दिवा चालतो. इमल्शनची बाजू ओळखायला प्लेटचा कोपरा ओल्या ओठाला लावा, चिकटते ती बाजू वस्तूकडे. प्लेट होल्डरमध्ये कसून बसवा आणि दहा मिनिटं थांबा. शटर म्हणून काळा पुठ्ठा हातात धरा, तो टेबलाला टेकवू नका. आधी थोडा उचला पण झोत अडवलेलाच ठेवा, अर्धं मिनिट जाऊ द्या, मग बाजूला करा. या दहा सेकंदांत कुणी बोलू नये.

डेव्हलपर, पाणी, ब्लीच, पाणी, वाळवणं. ब्लीचने काळी चांदी पारदर्शक होते आणि प्रतिमा कितीतरी उजळ दिसते.

वाळलेली प्लेट होल्डरमध्ये पूर्वीसारखीच लावा, वस्तू काढून घ्या, वस्तुझोत अडवा. प्लेटमधून बघत डोकं डावीकडे न्या. नंदीच्या शिंगामागे गेलेली घंटेची कड बाहेर यायला हवी. नंदीवर नजर स्थिर केली तर घंटा किंचित पुसट व्हायला हवी. संदर्भझोत समांतर असेल तर प्लेट उभ्या अक्षाभोवती अर्धी फिरवून पाठीमागून उजेड द्या. प्लेटच्या अलीकडे, २० सेंटीमीटरवर धरलेल्या पांढऱ्या कागदावर नंदी उमटेल. कागद आणखी आठ सेंटीमीटर मागे ओढलात की नंदी विरघळतो आणि घंटा स्पष्ट होते.