ठेकेदाराच्या एस्टिमेटचा फोटो तपासताना या चुका टाळा

ताईच्या फ्लॅटमधल्या बाथरूमच्या कामाचं एस्टिमेट व्हॉट्सॲपवर आलं: वहीच्या पानाचा तिरका फोटो, पाच ओळी, खाली एकूण 31,200. ताईने रकमांची बेरीज केली तर 34,800 आली. तिचा पहिला विचार असा, की बेरीज चुकली आहे आणि आपला फायदाच झालाय, गप्प बसावं. इथेच बहुतेकांचं चुकतं. नुसत्या रकमांची बेरीज करून चूक ओळीत आहे की एकूणात, ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक ओळीत माप गुणिले दर पुन्हा करावंच लागतं.

आम्ही शीट उघडली. B मध्ये माप, C मध्ये दर, D मध्ये ठेकेदाराने लिहिलेली रक्कम आणि पुढे आपला हिशोब:

```
E2: =B2*C2
F2: =D2-E2
D7: =SUM(D2:D6)
E7: =SUM(E2:E6)
```

E2 आणि F2 खाली सहाव्या ओळीपर्यंत ओढायचे. जुन्या टाइल्स तोडणे 180 चौरस फूट, दर 25, रक्कम 4,500. वॉटरप्रूफिंग 65 चौरस फूट, दर 90, रक्कम 5,850. दोन्ही बरोबर. तिसरी ओळ टाइल्स बसवण्याची मजुरी: 210 चौरस फूट, दर 55, लिहिलेली रक्कम 15,150. गुणाकार मात्र 11,550 येतो. फरक 3,600.

आता रक्कम चुकली की दर? उलटा भागाकार करा. 15,150 भागिले 210 म्हणजे 72.14, आणि असा दर कोणी लावत नाही. 15,150 भागिले 55 म्हणजे 275.45, तेही माप वाटत नाही. म्हणजे रक्कमच चुकली. शिवाय 3,600 ला 9 ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले की फरकाला नेहमी 9 ने भाग जातो. 11,550 उतरवताना 1 आणि 5 ची अदलाबदल झाली होती. भाग गेला म्हणजे हीच चूक असं सिद्ध होत नाही, पण आधी कुठे पाहायचं ते कळतं.

चौथ्या ओळीने आम्हाला खरं फसवलं. प्लास्टर, 18 ब्रास, दर 3,500. शीटने 63,000 दाखवले, कागदावर मात्र 6,300. फरक 56,700, म्हणजे लिहिलेल्या रकमेच्या बरोबर नऊपट. असा फरक दिसला की दशांश चिन्ह किंवा शून्य हरवलेलं असण्याची शक्यता मोठी. प्लास्टरमध्ये एक ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, आणि पहिल्या ओळीत तोडायच्या टाइल्सही 180 चौरस फूटच होत्या. मूळ माप 1.8 ब्रास होतं, टिंब फोटोत पुसट झालं होतं. ठेकेदाराची चूक इथे नव्हतीच, आपण वाचण्यात चुकलो होतो. म्हणून कागद सपाट ठेवून वरून काढलेला फोटो मागा आणि तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करत नाही.

पाचवी ओळ डेब्रिज उचलण्याची, ठोक 3,000. ठोक कामाला माप लिहिलेलं नसतं, पण B चा रकाना रिकामा ठेवला तर गुणाकार शून्य येतो आणि आपलीच बेरीज 3,000 ने कमी पडते. तिथे 1 लिहा, दराच्या रकान्यात 3,000. रकमा भरताना मागचं '/-' टाकू नका. '4,500/-' हा शीटसाठी मजकूर आहे आणि SUM तो न सांगता वगळते. आकडा रकान्यात डावीकडे चिकटलेला दिसला तर हेच झालंय असं समजा. मापापुढे 'ब्रास' लिहिलंत तर गुणाकार सरळ #VALUE! देतो, ते निदान दिसतं तरी.

हे सगळं सुधारल्यावर E7 मध्ये 31,200 आले. म्हणजे ठेकेदाराचं एकूण बरोबर होतं, तिसरी ओळ चुकीची होती.

या तपासणीत माप खरं आहे का ते मात्र कळत नाही. 7 फूट 10 इंच हे कोणी 7.10 लिहिलं तर शीट ते 7.1 समजते, खरं माप 7.83 असतं. गुणाकार अगदी बरोबर येईल, भिंत मात्र कमी मोजली जाईल. अशा ठिकाणी टेपच काढावी लागते.

ताईने ठेकेदाराला फोन केला. "दादा, एकूण बरोबर आहे, पण टाइल्सच्या मजुरीत 210 गुणिले 55 चे 11,550 होतात, तुम्ही 15,150 लिहिलेत." त्यांनी कच्ची वही पाहिली, तिथे 11,550 च होते. ते "ठीक आहे, धरून चाला" म्हणाले, पण ताईने ती रक्कम कागदावर खोडून, शेजारी सही करून नवा फोटो मागवला. ओळ तशीच राहिली असती, तर पुढे अंतिम बिल करताना कोणीतरी तीच 15,150 ची रक्कम उचलली असती.