लिंक्डइनवर माजी विद्यार्थ्याला पहिला मेसेज कसा लिहावा

प्रोफाइल नीट भरलेलं आहे, फोटो आहे, आपल्याला साधारण कोणत्या क्षेत्रात जायचंय हे ठरलेलं आहे, असं मी धरून चालतो. ते नसेल तर आधी ते करा. हा लेख फक्त पहिल्या मेसेजबद्दल आहे.

माणूस शोधा. आपल्या कॉलेजचं पान उघडा, `Alumni` वर जा, आणि कंपनी, काम, शहर असे फिल्टर लावा. सर्वात मोठ्या हुद्द्याचा माणूस निवडू नका. ज्याने तुमच्यासारखंच वळण थोडी वर्षं आधी घेतलंय, तो निवडा. संचालक झालेल्या माणसाला पहिली नोकरी कशी मिळाली हे आठवत असेलही, पण तेव्हाची भरती आणि आजची भरती यांचा संबंध राहिलेला नसतो. त्याच्या प्रोफाइलवर अलीकडची काही हालचाल आहे का, तेही बघा. वर्ष-दोन वर्षं शुकशुकाट असेल तर तुमचा मेसेज तसाच पडून राहील.

नोट जोडा. शोधयादीतलं `Connect` घाईत दाबलं तर कोरी विनंती जाऊ शकते, विशेषतः फोनवरून. त्यामुळे आधी प्रोफाइल उघडा आणि `Add a note` दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोरी विनंती गेली म्हणून ती मागे घेतलीत, तर त्याच माणसाला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. फुकट खात्यावर नोटला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि महिन्याला मोजक्याच नोटा मिळतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘नमस्कार’ दिसतो चार अक्षरांचा, पण मर्यादेतून सात वजा होतात.

प्रश्न घडवा. सगळं अडतं ते इथे. मलाही हे जमायला बराच वेळ लागला, आणि आता मला येणाऱ्या मेसेजांतही लोक इथेच अडखळताना दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे ‘नमस्कार सर’ एवढंच लिहून वाट बघणं. दुसरा, ‘तुमचा प्रवास प्रेरणादायी आहे, मला मार्गदर्शन कराल का?’ हा सभ्य वाटतो, पण यात उत्तर देण्यासारखं काहीच नाही. समोरचा भला असेल तर ‘हो, विचारा ना’ म्हणतो. मग तुम्ही विचारता, तोवर तो त्याच्या कामात बुडालेला असतो. तिसरा, ‘या क्षेत्रात यायला काय करावं लागेल?’ याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर दोन पानं लिहावी लागतील, म्हणून तो ‘रविवारी निवांत लिहू’ असं ठरवतो आणि तो रविवार उगवत नाही. आणि चौथा, पहिल्याच मेसेजला बायोडेटा जोडून ‘काही जागा असेल तर बघा’. याला मार्गदर्शन मागणं म्हणत नाहीत. समोरच्याला ते लगेच कळतं आणि नकार द्यायची वेळ येऊ नये म्हणून तो गप्प बसतो.

‘आधी नुसती ओळख वाढवा, प्रश्न नंतर’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो मला अजिबात पटत नाही. तुम्ही कशासाठी आलात हे त्याला माहीतच असतं. हवापाण्याच्या गप्पांनी तो फक्त कंटाळतो.

प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर त्याच्या अनुभवातूनच निघेल आणि फोनवर, उभ्या उभ्या, दोन-तीन ओळींत देता येईल. यासाठी मला सर्वात भरवशाचा वाटतो तो दोन खऱ्या पर्यायांमधला प्रश्न. माणसाला कोऱ्या पानावर सल्ला लिहायला जड जातं, पण ‘हे की ते?’ विचारलं की मत आपोआप बाहेर येतं, आणि कारणही. पर्याय मात्र खरे हवेत. एक उघडच चुकीचा असेल तर तो ‘दुसरा’ एवढंच लिहून मोकळा होईल.

एक उदाहरण घेऊ. उमेदवार संख्याशास्त्राची पदवीधर, क्लासमध्ये शिकवते, तिला विमाक्षेत्रात जायचंय. तिला सापडलेल्या माजी विद्यार्थिनीनेही आधी शिकवलं, मग विमा कंपनीच्या क्लेम विभागातून सुरुवात केली, आणि आता ती जोखीम विश्लेषणात आहे. नोट अशी:

> नमस्कार मॅडम, आपल्याच कॉलेजची, संख्याशास्त्र २०२४. शिकवणं सोडून विम्यात यायचंय, तुमच्यासारखंच. आधी ॲक्च्युअरीच्या परीक्षा द्याव्यात की क्लेममध्ये नोकरी धरावी?

ही काना-मात्रांसकट दोनशेच्या आत बसते. नाव लिहिलेलं नाही, कारण ते विनंतीवर दिसतंच. स्तुतीही नाही. ‘तुमच्यासारखंच’ या एका शब्दातून तिने प्रोफाइल वाचलंय हे कळतं.

विनंती स्वीकारली गेली की त्याच दिवशी तपशील पाठवायचा:

> मॅडम, विनंती स्वीकारलीत, आभारी आहे. थोडं सविस्तर सांगते. एसक्यूएल शिकलेय आणि खुल्या डेटावर क्लेमच्या रकमांचा एक छोटा प्रकल्प केलाय. परीक्षांना काही वर्षं जातील, म्हणून माझा कल आधी क्लेममध्ये शिरण्याकडे आहे. पण तिथून विश्लेषणाकडे वळता येतं का, की माणूस तिथेच अडकतो, याचा अंदाज येत नाही. तुम्ही हे वळण घेतलंत म्हणून विचारतेय. दोन ओळी लिहिल्यात तरी पुरेशा आहेत.

आपला कल सांगितला की समोरच्याला तो खोडता येतो, आणि खरा उपयोग त्या खोडण्याचाच असतो. आपलं काय करून झालंय ते एका वाक्यात आलं की ‘एसक्यूएल शिका’ हे ठरलेलं उत्तरही टळतं.

पाठवण्याआधी एक तपासणी. मेसेजमधलं संबोधन बदलून तो जसाच्या तसा दुसऱ्या माजी विद्यार्थ्याला पाठवता येतो का? येत असेल तर पुन्हा लिहा. वरचा मेसेज फक्त क्लेममधून विश्लेषणात गेलेल्या बाईंनाच जाऊ शकतो.

संबोधनावरून लोक उगाच घाबरतात. ‘सर’ किंवा ‘मॅडम’ एकदा म्हटलं की झालं, प्रत्येक वाक्यात नको. दोन वर्षं पुढे असलेल्यालाही ‘तुम्ही’च म्हणा. दादा-ताई ते स्वतः म्हणाले तरच. आणि तो इंग्रजीतच लिहिणारा असेल तर इंग्रजीत लिहा.

वाट बघा. आठ-दहा दिवसांनी एकच आठवण, तीही एका ओळीची. त्यानंतर तो विषय सोडा. मेसेज वाचल्याची खूण दिसली म्हणून ‘तुम्ही वाचलंत पण...’ असं कधीही लिहू नका.

उत्तर आलं तर लगेच पुढचे पाच प्रश्न विचारू नका. आभार माना आणि सांगितलेलं करून बघा. समजा बाईंनी लिहिलं, ‘क्लेममध्ये शिर, पण जिथे वर्षभरात विभाग बदलू देतात तिथेच.’ मग दोन-तीन आठवड्यांनी तिने कळवायचं की मुलाखतीत हाच प्रश्न विचारला, अमुक उत्तर मिळालं. रेफरलची गोष्ट यानंतर काढावी, तीही बाईंच्या कंपनीत खरोखर जागा निघाली असेल तर. तेव्हा जागेची लिंक, तिचा क्रमांक आणि बायोडेटा एकाच मेसेजमध्ये द्या, म्हणजे त्यांना काही शोधत बसावं लागणार नाही.