दुहेरी बेरीज: क्रम बदलण्याआधी तक्ता काढा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला येणारी बरीच पोरं मराठी माध्यमातली असतात. पाढे तोंडपाठ, पण दोन Σ शेजारी दिसले की पेन थांबतो. त्यांना मी आधी जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता आठवायला सांगतो. १ ते १० चे पाढे, दहा उभे रकाने. पाचाच्या पाढ्याची बेरीज ५ × ५५ = २७५, आणि सगळ्या तक्त्याची ५५ × ५५ = ३०२५. आडव्या ओळींनी मिळवली तरी तेवढीच. प्रत्येक ओळीत दहाच आकडे, त्यामुळे इथं क्रम बदलणं सोपं.

अडचण येते ती आतल्या बेरजेची हद्द बाहेरच्या अक्षरावर ठरते तेव्हा. हे बघा:

Σ(i = १ ते ४) Σ(j = i ते ४) i/j

दिलेल्या क्रमाने गेलात तर ओळींच्या बेरजा येतात २५/१२, २६/१२, २१/१२ आणि १२/१२. मिळून ८४/१२, म्हणजे ७. चारपर्यंत हे जमतं, पण n पर्यंत नेलं की १ + १/२ + १/३ अशा बेरजा गळ्यात पडतात आणि त्यांना सुटसुटीत सूत्र नाही.

म्हणून क्रम बदलायचा. पण "सर, हद्दीतला हा i आता कुठं जाईन?" हा प्रश्न दरवर्षी येतोच. उत्तर तक्त्यात आहे. वहीत चार बाय चारचे घर आखा, i ओळीला, j रकान्याला, आणि i ≤ j असलेल्या घरांवर टिंब द्या. कर्णासकट वरचा त्रिकोण भरतो. आता एकच रकाना धरा, समजा j = ३. त्यात टिंबं कुठल्या ओळींना आहेत? १, २, ३. म्हणजे i आता १ पासून j पर्यंत जातो:

Σ(j = १ ते ४) (१/j) Σ(i = १ ते j) i

आतली बेरीज j(j+१)/२. वरचा j खालच्या j ने कटतो, उरतं (j+१)/२. चार रकान्यांचे १, १½, २, २½, बेरीज ७. n साठी n(n+३)/४. अपूर्णांकांची कटकटच गेली.

दोन चुका हमखास होतात. हद्द तशीच ठेवून नुसते Σ अदलाबदल केले, तर उत्तरात i उरतो; असं दिसलं की तिथंच थांबायचं. दुसरी चूक लपते: i ला j ते n लिहिलं की खालचा त्रिकोण मोजला जातो. ती n = २ टाकून पकडा. खरं उत्तर २½ आहे, चुकीच्या हद्दीने ४ येतं.

घरं मोजकी असतील तर क्रम कधीही बदला. अनंत तक्त्यात मात्र जपून. कर्णावर १, त्याच्या लगेच उजवीकडे −१ आणि बाकी शून्य भरा. प्रत्येक ओळीची बेरीज ०, पण पहिल्या रकान्याची १ आणि पुढच्या सगळ्यांची ०. ओळींनी एकूण ०, रकान्यांनी १. सगळे आकडे शून्य किंवा धन असतील, किंवा ऋण चिन्हं काढून केलेली बेरीज मर्यादित येत असेल, तर हा घोळ होत नाही. तेवढं आधी तपासून मगच Σ हलवायचे.