साडी बदलली, मानेचा रंगही बदलला? फोटोशॉपमध्ये मास्क लावताना या चुका टाळा

सांगलीत लग्नसराई जवळ आली की स्टुडिओत बायोडाटाचे फोटो येऊ लागतात. मुलीचा बंद गळ्याच्या कुर्तीतला चांगला फोटो असतो, तोच पैठणीत हवा असतो. एआयने साडी छान नेसवून मिळते, पण चेहरा, मान आणि हात गोरे किंवा गुलाबी होऊन येतात. आईला ते लगेच कळतं: "दादा, साडी झ्याक हाय, पण आमची पोरगी अशी दिसत न्हाई हो." आणि तिचं म्हणणं बरोबर असतं. स्थळ बघायला येणारे फोटो बघूनच येतात, म्हणून त्वचा मूळचीच राहायला हवी.

असं होतं कारण पूर्ण फोटो देऊन कपडे बदलायला सांगितले की बरीच टूल्स फक्त कुर्ती बदलत नाहीत, अख्खं चित्र नव्याने काढतात. चेहरा तोच वाटला तरी त्यातला प्रत्येक पिक्सल नवा असतो. म्हणून पहिली मोठी चूक म्हणजे एआयचाच फोटो पाया धरून त्याचा रंग सुधारत बसणं. पाया मूळ फोटोचाच ठेवा. एआयचा फोटो वरच्या लेयरवर आणा आणि त्यातली फक्त साडी घ्या.

मास्कला हात लावण्याआधी दोन्ही लेयर जुळवा. आलेला फोटो बहुतेकदा लहान आणि किंचित सरकलेला असतो. वरच्या लेयरचा ब्लेंड मोड Difference करा. जिथे दोन्ही जुळतात तिथे काळं दिसतं, सरकलेल्या जागी डोळ्यांभोवती पांढऱ्या कडा उमटतात. Free Transform ने डोळे आणि हनुवटी जुळेपर्यंत आकार बदला, मग मोड परत Normal करा. मूळ फोटो Adobe RGB मध्ये असेल आणि एआयचा sRGB मध्ये, तर पेस्ट करताना प्रोफाइल कन्व्हर्ट होतंय ना हेही बघा. कधीकधी अर्धा फरक तिथलाच निघतो.

आता Alt दाबून मास्कच्या बटणावर क्लिक करा. काळा मास्क लागतो आणि वरचा लेयर पूर्ण झाकला जातो. पांढऱ्या ब्रशने साडी आणि ब्लाउज उघडा. इथे इरेझर वापरू नका, कारण पुसलेली कड परत येत नाही. लेयरची ओपॅसिटी कमी करून रंग "मिसळायचा" प्रयत्नही नको, त्याने जुन्या कुर्तीची कॉलर पदराखालून भुतासारखी डोकावते. काठाची कड जरा कडक ब्रशने काढा, त्वचेला त्वचा भिडते तिथे पूर्ण मऊ ब्रश घ्या. हा जोड गालावर किंवा गळ्याच्या मधोमध आणू नका. मानेच्या वळीत किंवा हाराखाली तो लपतो.

खरी अडचण पुढे आहे. कुर्तीने झाकलेला गळा आणि हात मूळ फोटोत नाहीतच. ती त्वचा एआयचीच घ्यावी लागते, आणि तिथेच रंग फुटतो. अशा वेळी बरेच जण सगळ्या फोटोवर Color Balance फिरवतात, मग चेहराही बिघडतो. त्याऐवजी हनुवटी आणि कॉलर यांच्यामधली मानेची पट्टी शोधा, ती दोन्ही फोटोंत असते. आयड्रॉपर 5 by 5 Average वर ठेवून दोन्ही लेयरवर एकाच जागेचे आकडे घ्या; एआयचे आकडे घेताना त्याचा मास्क Shift दाबून क्लिक करून तेवढ्यापुरता बंद करा, नाहीतर खालच्या मूळ फोटोचेच आकडे येतील. समजा मूळ मान R 168, G 122, B 96 आहे आणि एआयची R 186, G 146, B 128. मान उजळ तर झालीच, पण निळा सगळ्यात जास्त, 32 ने वाढला, म्हणजे त्वचेतला पिवळसरपणा गेलाय. नुसता ब्राइटनेस कमी करून हे सुटणार नाही.

एआयच्या लेयरला Curves क्लिप करा. Red मध्ये Input 186, Output 168. Green मध्ये 146 ला 122. Blue मध्ये 128 ला 96. मग हनुवटीखालच्या सावलीचे आकडेही ताडून बघा, तिथे फरक राहिला तर दुसरा बिंदू द्या. Curves च्या स्वतःच्या मास्कमध्ये फक्त गळा आणि हात पांढरे ठेवा. हे विसरलात तर हिरवी पैठणी आणि जरीसुद्धा पिवळी पडते.

रंग जुळूनही गळा प्लास्टिकसारखा वाटला, तर ते बहुधा ग्रेनमुळे. कॅमेऱ्याच्या चेहऱ्यावर बारीक दाणा असतो, एआयच्या त्वचेवर नसतो. 50 टक्के करड्या रंगाचा लेयर Overlay वर क्लिप करून थोडा Noise द्या आणि 100 टक्के झूमवर चेहऱ्याशी ताडा.

शेवटी सगळ्यात वर तात्पुरता Hue/Saturation लेयर टाकून Saturation 60 पर्यंत न्या. डोळ्याला न दिसणारा जोड लगेच वेगळ्या रंगाचा उठून दिसतो. तिथले मास्क सुधारा आणि सेव्ह करण्याआधी तो लेयर काढून टाका.

एक गोष्ट मात्र मास्कने सुटत नाही. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि एआयच्या गळ्यावर उजवीकडून असेल, तर आकडे कितीही जुळवले तरी मान दुसऱ्याचीच वाटते. तिथे Curves वर वेळ घालवू नका, उजेडाची दिशा स्पष्ट सांगून साडी परत जनरेट करा.